रेस अटीतटीची राहावी, पण खोटी वाटू नये: कॉम्प्युटरच्या गाड्यांसाठी रेसिंग लाइन आणि रबर बँडिंग

रबर बँडिंग म्हणजे पुढे गेलेली गाडी थोडी हळू आणि मागे पडलेली थोडी वेगवान करून रेस अटीतटीची ठेवणं. रेसिंग गेम करणारे बहुतेक जण ते चुकीच्या क्रमाने लावतात. आधी गाड्या कशाबशा वेपॉइंटवरून पळवायच्या, मग त्या फार पुढे गेल्या की इंजिनाची ताकद कमी करायची, मागे पडल्या की वाढवायची. दोन ओळींचा कोड, काम झालं. खेळणाऱ्याला मात्र दुसऱ्या लॅपमध्येच कळतं की मागची गाडी सरळ रस्त्यावर आपल्याच मॉडेलच्या गाडीला वीस किलोमीटर जास्त वेगाने ओलांडून गेली. त्यानंतर तो नीट चालवणंच सोडून देतो, कारण नीट चालवण्याचा उपयोग नाही हे त्याला समजलेलं असतं.

योग्य क्रम उलटा आहे. कॉम्प्युटरची गाडी आधी प्रामाणिकपणे, खेळणाऱ्याच्याच फिजिक्सवर, रेसिंग लाइनवरून, म्हणजे ट्रॅकवरच्या वेगवान मार्गाच्या रेषेवरून धावली पाहिजे. मग तिला थोडं हळू चालवायला शिकवायचं. फरक किती पडलाय ते मोजायचं, आणि सगळ्यात शेवटी रबर बँड लावायचा. तोही इंजिनाला किंवा टायरच्या पकडीला नाही, तर ड्रायव्हरच्या कौशल्याला. खाली साडेतीन किलोमीटरचा ट्रॅक, पाच लॅपची रेस आणि 40 मीटर त्रिज्येचं एक हेअरपिन वळण धरून सगळे आकडे दिले आहेत. तुमचे आकडे वेगळे येतील, पद्धत हीच राहील.

## तयारी: दोन मोजमापं

रेषा आखण्याआधी गाडीच्या दोन मर्यादा माहीत हव्यात. इन्स्पेक्टरमध्ये लिहिलेल्या नाहीत, प्रत्यक्ष मोजलेल्या.

पहिली म्हणजे बाजूची पकड. मोकळ्या सपाट जागेवर 40 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात गाडी फिरवा आणि वेग हळूहळू वाढवत न्या. गाडी वर्तुळाबाहेर घसरायला लागते तो वेग लिहून घ्या. समजा 20 मीटर प्रतिसेकंद आला. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, भागिले 9.81 केलं की 1.02 मिळतं. यातला साधारण नव्वद टक्के भागच वापरायचा, म्हणजे 0.9. उरलेली पकड गाडीला रेषेवर परत येण्यासाठी लागते. ती सगळी वेगात खर्च केली तर छोट्याशा धक्क्यानेही गाडी बाहेर जाईल.

दुसरी मर्यादा ब्रेकची. 50 मीटर प्रतिसेकंदावरून, म्हणजे ताशी 180 किलोमीटरवरून, पूर्ण ब्रेक दाबून गाडी किती अंतरात थांबते ते बघा. 140 मीटर लागले तर मंदन 8.9 मीटर प्रतिसेकंद वर्ग येतं. इथेही थोडं राखून 8 घ्या.

सावधान: कॉम्प्युटरच्या गाडीला वेगळा रिजिडबॉडी, जास्त डाउनफोर्स किंवा "जरा चिकट" टायर दिले असतील तर ते आत्ताच काढा. पुढचं सगळं एकाच फिजिक्सवर उभं आहे. आज दिलेली सवलत उद्या रबर बँडमध्ये मिसळली की फरक नेमका कशामुळे पडतोय ते शोधता येत नाही.

## टप्पा 1: रेषा आखा, पण तिच्यातला थरथराट काढा

माउसने एडिटरमध्ये रेषा ओढण्यापेक्षा चांगल्या खेळाडूची एक स्वच्छ लॅप रेकॉर्ड करणं सोपं जातं. दर फ्रेमला नाही, दर 5 मीटरला एक बिंदू घ्या. फ्रेमनुसार घेतले तर हळू वळणात बिंदूंची गर्दी होते आणि सरळ रस्त्यावर ते विरळ पडतात. वेग रेकॉर्ड करू नका, आकार तेवढा घ्या. त्या माणसाने तिसऱ्या वळणात उगाच ब्रेक दाबला असेल तर ती चूक तुमच्या सगळ्या गाड्या जन्मभर करत राहतील.

आता रेषा गुळगुळीत करायची. ही पायरी सर्रास गाळली जाते. सरळ रस्त्यावरचा एकच बिंदू 10 सेंटिमीटर बाजूला सरकलेला असला तर काय होतं, ते पाहा. बिंदूंमधलं अंतर 5 मीटर असेल तर त्या जागी वक्रता 0.008 निघते, म्हणजे 125 मीटर त्रिज्येचं वळण. 0.9 पकडीने त्या "वळणाचा" कमाल वेग येतो 33 मीटर प्रतिसेकंद. डोळ्याला रेषा सरळ दिसते आणि गाडी मात्र 180 वरून 120 वर येण्यासाठी मधेच ब्रेक मारते. कितीतरी जण याचा दोष स्टिअरिंगला देतात आणि तिथेच दिवस घालवतात.

उपाय साधा आहे: प्रत्येक बिंदूची जागा आजूबाजूच्या चार बिंदूंसह सरासरीने काढा, तीन-चार वेळा. त्यामुळे एपेक्स, म्हणजे वळणातला रेषेचा सगळ्यात आतला बिंदू, आणखी थोडा आत सरकतो, तो नंतर हाताने बाहेर ओढा. लॅपचा शेवट आणि सुरुवात जुळवताना सरासरी शेवटच्या बिंदूवरून पहिल्या बिंदूवर गुंडाळून घ्या, नाहीतर स्टार्ट लाइनवर एक अदृश्य खड्डा राहतो.

तपासणी: वक्रतेचा आलेख काढा. त्यात ट्रॅकवरच्या वळणांइतकेच उंचवटे दिसले पाहिजेत. सरळ रस्त्याच्या जागी काटे दिसले तर पुढे जाऊ नका.

## टप्पा 2: वेगाचा तक्ता, दोन फेऱ्यांत

प्रत्येक बिंदूवर वळणाने परवानगी दिलेला वेग काढायचा. मग उलट दिशेने चालत येऊन, पुढच्या बिंदूचा वेग गाठता यावा म्हणून इथे जास्तीत जास्त किती वेग चालेल ते ठरवायचं.

```
for i in 0..n-1:
    v2[i] = min(vmax*vmax, mu*g / max(abs(k[i]), 0.0001))

repeat 2 times:
    for i in n-1..0:
        j = (i+1) % n
        v2[i] = min(v2[i], v2[j] + 2*brake*ds)
```

इथे `k` म्हणजे वक्रता, `mu` म्हणजे पकड, `ds` म्हणजे दोन बिंदूंमधलं अंतर आणि `v2` म्हणजे वेगाचा वर्ग. मुद्दाम वर्गच साठवला आहे, टप्पा 4 मध्ये तो कामाला येतो. उलटी फेरी दोनदा करण्याचं कारण असं की ट्रॅक बंद वर्तुळ आहे. स्टार्ट लाइननंतर लगेच वळण असेल तर त्याचं ब्रेकिंग आधीच्या सरळ रस्त्याच्या शेवटी सुरू व्हायला हवं. एकाच फेरीत लूप शेवटच्या बिंदूपासून सुरू होतो, तेव्हा पहिल्या काही बिंदूंचे वेग अजून ठरलेलेच नसतात. दर लॅपला पहिल्याच वळणात गाडी सरळ बाहेर जात असेल, तर आधी हे बघा.

हेअरपिनचं गणित करून पाहू. त्रिज्या 40, पकड 0.9, म्हणून वळणातला वेग 18.8 मीटर प्रतिसेकंद, ताशी 68 किलोमीटर. 50 वरून 18.8 वर यायला 8 च्या मंदनाने 134 मीटर लागतात. तक्ता बरोबर असेल तर वळण सुरू होण्याच्या साधारण तेवढं आधी वेग उतरायला लागलेला दिसेल.

## टप्पा 3: रेषेवर चालवणं

स्टिअरिंगसाठी रेषेवर थोडं पुढे एक बिंदू धरायचा आणि गाडीचं नाक तिकडे वळवायचं. किती पुढे, हे वेगावर ठरतं. 4 मीटर अधिक वेगाच्या 0.35 पट ही सुरुवात चांगली आहे: हेअरपिनमध्ये साडेदहा मीटर, 50 मीटर प्रतिसेकंदाला साडेएकवीस.

```
Ld    = clamp(4 + 0.35*speed, 6, 25)
alpha = कोन(गाडीची दिशा, लक्ष्यबिंदू)
steer = atan(2 * wheelbase * sin(alpha) / Ld)
```

सरळ रस्त्यावर गाडी नागमोडी चालत असेल तर अंतर कमी पडतंय. वळणाच्या आतल्या कर्बवर चढत असेल तर जास्त होतंय. दोन्ही एकाच गाडीत दिसत असेल तर 0.35 हा गुणक वाढवा आणि 4 कमी करा.

जवळचा बिंदू शोधताना अख्ख्या ट्रॅकवर शोधू नका. हेअरपिनमध्ये जाणारा आणि येणारा रस्ता शेजारी शेजारी असतात. गाडी जरा बाहेर ढकलली गेली की शेजारचा रस्ता "जास्त जवळ" ठरतो आणि ती गवतातून आडवी निघते. मागच्या फ्रेमच्या बिंदूपासून पुढे दहा-पंधरा बिंदूंतच शोधा. गाडी रीसेट झाली तरच पूर्ण शोध घ्या.

गॅस आणि ब्रेकसाठी तक्त्यातला वेग गाडीच्या जागेवरचा न वाचता 0.2 सेकंद पुढचा वाचा, कारण ब्रेक लागायला तेवढा वेळ जातोच. आणि लक्ष्य वेगाच्या आसपास अर्धा मीटर प्रतिसेकंदाची मोकळीक ठेवा. ती नसेल तर गॅस आणि ब्रेक आळीपाळीने लागतात आणि मागचे लाल दिवे लुकलुकत राहतात. मागून येणाऱ्या खेळाडूला बाकी काही कळो न कळो, ते दिवे बरोबर दिसतात.

ओव्हरटेक करताना गाडी रेषेपासून बाजूला जाते. तेव्हा तक्त्यातला वेग तसाच वापरू नका. वळणाच्या आतल्या बाजूची त्रिज्या कमी असते, तिथे तो वेग झेपत नाही. मी सरळ तीन रेषा ठेवतो: मुख्य, आतली आणि बाहेरची. तिघींचे वेगाचे तक्ते वेगळे. गाडी दोन रेषांच्या मध्ये असेल तर त्या दोघींतला कमी वेग घेते. थोडी मेमरी जाते, पण निम्मे अपघात कमी होतात.

तपासणी: एकच गाडी, रिकामा ट्रॅक, दहा लॅप. सगळ्या लॅपच्या वेळा एकमेकींपासून दोन-तीन दशांश सेकंदांच्या आत असल्या पाहिजेत आणि गाडी एकदाही रस्त्याबाहेर जाता कामा नये. हे जमेपर्यंत रबर बँडचा विचारही नको. डळमळीत गाडीवर बँड लावला तर गाडीची चूक कुठे संपते आणि बँडची कुठे सुरू होते ते ओळखता येत नाही.

## टप्पा 4: हळू चालवणारा ड्रायव्हर तयार करा

आता त्याच रेषेवर दुसरा तक्ता तयार करा, कमी धीटपणाचा. पकड 0.9 ऐवजी 0.8, ब्रेक 8 ऐवजी 7.2. कमाल वेग आणि इंजिन दोन्हीकडे सारखंच. सरळ रस्त्यावर दोघेही पूर्ण गॅस देतात. फरक फक्त माणसात जसा असतो तसा: हा ब्रेक लवकर दाबतो आणि वळणात जरा भितो.

एवढ्याशा फरकाने काय होतं, ते हेअरपिनवर मोजू. हळू ड्रायव्हरचा वळणातला वेग 17.7, ब्रेकिंग 152 मीटर आधीपासून, म्हणजे 18 मीटर लवकर. वळणापर्यंत येईस्तोवर त्याचा साधारण पाव सेकंद गेला. अर्ध्या वर्तुळाच्या 126 मीटरमध्ये आणखी 0.4. बाहेर पडताना वेग कमी, त्यामुळे पुढच्या 200 मीटरवर आणखी दीड दशांश. एकाच वळणात जवळपास 0.8 सेकंद गेले, आणि शेजारून बघणाऱ्याला वेगाचा फरक ताशी चार किलोमीटरचा दिसला. म्हणजे दिसलाच नाही. इंजिनाला हात न लावताही बँड चालतो, त्याचं कारण हेच.

दोन तक्त्यांच्या मधला कोणताही ड्रायव्हर `skill` या एका आकड्याने मिळतो. 0 म्हणजे हळू, 1 म्हणजे वेगवान:

```
v = sqrt( lerp(slow2[i], fast2[i], skill) )
```

वेगाचा नाही, वेगाच्या वर्गाचा मध्य घ्या. ब्रेकचं मंदन वेगाच्या वर्गात होणाऱ्या बदलाशी आणि वळणातला बाजूचा जोर वेगाच्या वर्गाशी सरळ प्रमाणात असतो, म्हणून मधला तक्ताही आपोआप दोन्ही मर्यादांच्या आत राहतो. स्किल बदलला म्हणून तक्ता पुन्हा काढावा लागत नाही.

आता दोन्ही टोकांना लॅप मोजा. आपल्या ट्रॅकवर समजा वेगवान 88 सेकंद आणि हळू 93 सेकंद आली. हा 5 सेकंदांचा पट्टा म्हणजे तुमच्या रबर बँडची सगळी ताकद. मूळ स्किल 0.5 ठेवा, म्हणजे दोन्हीकडे सरकायला जागा राहते. सुरुवातच 1.0 ने केली तर गाडी फक्त हळू होऊ शकते, आणि मागे पडली की तिला पुढे आणण्यासाठी शेवटी इंजिनाकडेच हात जातो.

सावधान: 1.0 च्या वर कधीही जायचं नाही. खेळणारा 87 सेकंदांत लॅप मारत असेल तर त्याला जिंकू द्या. तो त्याचा हक्क आहे. त्याला अटीतटी हवी असेल तर वरची डिफिकल्टी द्या, म्हणजे नवा, जास्त धीट तक्ता.

## टप्पा 5: गॅप सेकंदांत मोजा

बहुतेक रबर बँड इथेच बिघडतात. दोन गाड्यांतलं अंतर मीटरमध्ये मोजलं की दर वळणाला ते आकसतं आणि दर सरळ रस्त्यावर ताणलं जातं. एक सेकंदाचा गॅप सरळ रस्त्यावर 50 मीटर असतो आणि हेअरपिनमध्ये 19. पुढची गाडी हेअरपिनमध्ये शिरली की बँडला वाटतं खेळणारा अगदी मागे आला, पळा. ती बाहेर पडून वेग घेते तेव्हा वाटतं फार मागे राहिला, थांबा. प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं, पण गाडी दर वळणाला उचक्या देत राहते.

त्यासाठी प्रत्येक गाडीने रेसमधल्या दर 10 मीटरला तिथे पोचल्याची वेळ लिहून ठेवायची. पाच लॅपना 1750 नोंदी होतात, काहीच नाही. मागची गाडी आत्ता जिथे आहे तिथे पुढची गाडी किती सेकंदांपूर्वी होती, तो गॅप.

```
if ai.progress >= player.progress:
    gap =   now - ai.passTime[player.idx]
else:
    gap = -(now - player.passTime[ai.idx])
```

`progress` म्हणजे पूर्ण झालेल्या लॅप गुणिले ट्रॅकची लांबी, अधिक रेषेवरचं अंतर. ग्रिडवरच्या गाड्या स्टार्ट लाइनच्या मागे उभ्या असतात, त्यांचं `progress` उणे धरा. तसं केलं नाही तर मागून दुसरी उभी असलेली गाडी एक लॅप पुढे आहे असं दिसतं आणि सुरुवातीलाच बँड तिला गोगलगाय करून टाकतो. खेळणारा उलटा फिरला तर त्याचं सर्वात जास्त `progress` तेच धरा, मागे येऊ देऊ नका. आणि पहिली वीस सेकंदं बँड बंदच ठेवा. सुरुवातीच्या गर्दीत गॅपला काही अर्थ नसतो.

तपासणी: गॅप पडद्यावर दाखवा आणि दोन कॉम्प्युटरच्या गाड्या एकाच स्किलने मागे-पुढे सोडा. पूर्ण लॅपभर आकडा जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. वळणागणिक हलत असेल तर कुठेतरी अजून मीटर शिल्लक आहेत.

## टप्पा 6: प्रत्येक गाडीला तिची जागा द्या

सगळ्या गाड्यांचं लक्ष्य "खेळणाऱ्याच्या जवळ" ठेवलं की त्याच्याभोवती घोळका जमतो. तो पुढे गेला तर सहाच्या सहा गाड्या एकदम पुढे येतात. तो धडकला तर सगळ्या एकदम पाय ओढतात. मग खोटेपणा लपत नाही.

मी दोनच गाड्यांना बँड लावतो. एक जी खेळणाऱ्याच्या दीड सेकंद पुढे राहायला बघते आणि एक जी दोन सेकंद मागे, म्हणजे त्यांचं `target` 1.5 आणि -2. बाकीच्या गाड्या आपापल्या ठरलेल्या स्किलने, 0.2 पासून 0.8 पर्यंत, बँडशिवाय धावतात. त्यामुळे रेसला खरेपणा येतो: कोणी खरंच मागे पडतं, कोणी खरंच निघून जातं. आणि पाठशिवणीचा खेळ खेळायला दोन प्रतिस्पर्धी पुरतात.

```
e = gap - target              // धन: गाडी हवी त्याहून पुढे
d = abs(e) - 1.0              // 1 सेकंदापर्यंत काही करू नका
shift = d > 0 ? sign(e) * d / 10 : 0
shift = clamp(shift, -0.3, 0.4)
wanted = base - shift
```

मर्यादा सारख्या नाहीत, ते मुद्दाम. गाडी हळू करायला 0.4, वेगवान करायला फक्त 0.3. पुढची गाडी किंचित रेंगाळली तर खेळणारा मनात म्हणतो, आपण चांगले चालवतोय. मागची गाडी अचानक तेज झाली तर तो म्हणतो, गेम चीटिंग करतोय. एक सेकंदाची मोकळीक काढू नका. ती नसली तर स्किल कायम थरथरत राहतो आणि गाडी कधीच स्वतःच्या वेगाने चालत नाही.

## टप्पा 7: बदल कुठे करायचा

`wanted` निघाला म्हणून तो लगेच लावायचा नाही. वळणाच्या मध्यावर स्किल बदलला तर लक्ष्य वेग एकदम वर किंवा खाली जातो, गाडी धक्का खाते, आणि जवळून बघणाऱ्याला तो धक्का दिसतो. बदल फक्त सरळ रस्त्यावर, पुढच्या ब्रेकिंगच्या आधी लावा. तिथे दोन्ही ड्रायव्हर पूर्ण गॅसवर असतात, त्यामुळे बदल कुणाच्या नजरेत येत नाही. एका वेळी 0.1 पेक्षा जास्त नको. 0.5 वरून 0.1 वर यायला चार ब्रेकिंग लागतील, लागू देत.

गाडी खेळणाऱ्याच्या समोर 40-50 मीटरच्या आत असेल किंवा आरशात दिसत असेल, तर बदल थांबवा. आहे तो स्किल चालू ठेवा. दोन गाड्या चाकाला चाक लावून लढत असताना मधेच एकीचं कौशल्य बदलणं हा खेळणाऱ्याचा सगळ्यात मोठा अपमान आहे. तिथे जो चांगलं ब्रेक मारेल तो पुढे जाऊ दे.

दिसणारी गाडी मागे पाडायचीच असेल तर तिच्याकडून चूक करवा. एखाद्या वळणाला तिला 0.15 सेकंद उशिरा ब्रेक दाबू द्या. 50 च्या वेगाला ते साडेसात मीटर होतात. ती एपेक्स चुकवते, बाहेरच्या कर्बवर जाते, आणि खेळणारा आतून निघून जातो. हे फिजिक्सनेच घडतं, म्हणून खरं वाटतं. फक्त एका लॅपला एकदाच, आणि दर वेळी वेगळ्या वळणाला. त्याच हेअरपिनला तीच गाडी तीनदा रुंद गेली की लोक ती जागा पाठ करतात.

## टप्पा 8: शेवटची लॅप बँडशिवाय

शेवटची लॅप सुरू झाली की दोन्ही गाड्या, तशाच 0.1 च्या पायऱ्यांनी, मूळ स्किलवर आणा आणि बँड बंद करा. चार लॅप पुढे राहिलेल्या माणसाला शेवटच्या वळणावर बँडमुळे गाठलं गेलं तर त्याच्या चार लॅप वाया गेल्या. उलट बाजूही आहे: बँड शेवटपर्यंत चालू राहतो हे हुशार खेळाडूला कळलं की तो आरामात मागे राहतो, नायट्रो साठवतो आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर उडवतो.

आता सगळं मिळून काय होतं ते एका प्रसंगात बघू. खेळणारा 89.5 सेकंदांची लॅप मारतो, पुढच्या गाडीचा मूळ वेग 90.5 चा. दुसऱ्या लॅपच्या शेवटी तो भिंतीवर आदळतो आणि 8 सेकंद गमावतो. गॅप दीडवरून साडेनऊ झाला. लक्ष्यापेक्षा 8 सेकंद जास्त, म्हणून `shift` 0.4 च्या मर्यादेला टेकतो आणि पुढच्या गाडीचा स्किल पायरीपायरीने 0.1 वर येतो. त्यामुळे ती लॅपमागे 2 सेकंद गमावते. खेळणारा स्वतः 1 सेकंद भरून काढतो. तिसऱ्या लॅपअखेर गॅप साडेसहाच्या आसपास. चौथ्या लॅपमध्ये अंतर कमी होतं तसा बँड सैल होत जातो, गॅप चारच्या आसपास येतो. शेवटच्या लॅपला बँड नाही, फक्त त्याची स्वतःची एक सेकंदाची कमाई. स्किलच्या चढत्या पायऱ्यांमुळे दोनेक दशांश इकडेतिकडे होतील, पण रेस संपताना तो साधारण तीन सेकंद मागे असतो.

तो हरला. पण साडेसहा सेकंद मागे, रिकाम्या रस्त्यावर एकटा फिरण्याऐवजी समोर गाडी दिसत असताना हरला, आणि हरण्याचं कारण ती भिंत हे त्यालाही माहीत आहे. आदळला नसता तर जिंकला असता. मला यापेक्षा जास्त उदार बँड आवडत नाही. तुम्हाला हवा असेल तर 0.4 ची मर्यादा वाढवू नका, हळू तक्ता आणखी हळू करा. पण 0.7 पकडीच्या खाली गेलात तर गाडी वळणात नवशिक्यासारखी दिसायला लागते.

## लॉगमध्ये काय बघायचं

प्रत्येक ब्रेकिंगच्या वेळी गॅप, `wanted` आणि लागू झालेला `skill` एका फाइलमध्ये लिहा आणि रेसनंतर बघा. स्किल एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हेलकावे खात असेल तर भाजक 10 चा 15 करा. कायम 0.1 ला चिकटून बसला असेल तर त्या डिफिकल्टीला तुमचा मूळ स्किल जास्त आहे. अशा वेळी बँड ढिला करून उपयोग नाही, `base` उतरवा.

दुसरं, निकालाच्या पडद्यावरच्या लॅपच्या वेळा. खेळणारे त्या वाचतात, आणि जुळवूनही बघतात. एकाच गाडीच्या सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात हळू लॅपमध्ये, चूक झालेली लॅप सोडून, दोन-अडीच सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला तर बँड जास्त ओढतोय. वरच्या प्रसंगात तो फरक 2 सेकंदांचा आहे, म्हणजे काठावर पण चालण्यासारखा.

शेवटची चाचणी दुसऱ्या कुणालातरी करायला द्या. पाच रेस खेळवा, बँडबद्दल एक शब्द सांगू नका, आणि मग विचारा की कोणती गाडी सगळ्यात चांगली चालवत होती. त्याने बँड लावलेल्या गाडीचा रंग सांगितला आणि ती "हेअरपिनला चुकते" असं म्हणाला, तर काम झालं. "ती मला बघून थांबत होती" म्हणाला तर टप्पा 7 मध्ये परत जा. जवळजवळ दर वेळी गडबड तिथेच निघते: बदल गाडी नजरेत असताना झालेला असतो, किंवा आरशातलं अंतर मोजायचं राहून गेलेलं असतं.